लग्नाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं? – अनुभव धागा

रानजाई
माझी चुलत बहीण एकवीस वर्षांची आहे. पाळीत तिला दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, आठव्या-नवव्या दिवसापर्यंत रक्त जात राहतं आणि हल्ली जिना चढताना धाप लागते. तरी डॉक्टरांकडे जायला ती तयार नाही. आत काय विचारतील, कपडे काढून काय तपासतील, आणि आई शेजारी बसलेली असताना "संबंध आले आहेत का" असं विचारलं तर काय करायचं, ही तिची भीती. "काही होत नाही गं" एवढ्याने तिचं समाधान होत नाही, आणि मला ते पटतं. म्हणून ज्या जाऊन आल्या आहेत त्यांनी आत प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. वाईट अनुभवही लिहा, ते तिला आधी माहीत असलेले बरे.

बकुळ
तुझ्या बहिणीची लक्षणं वाचली आणि लगेच लिहायला घेतलं, कारण मी अगदी हीच तक्रार घेऊन गेले होते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आई सोबत होती.

सुरुवातीला बराच वेळ नुसते प्रश्न. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, त्याआधीच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा, पहिली पाळी कितव्या वर्षी आली, इतकं रक्त तेव्हापासूनच जातं की अलीकडे वाढलं, गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का. हे सगळं अपेक्षित होतं. पण मग त्यांनी विचारलं, लहानपणी नाकातून रक्त यायचं का? दाढ काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला का? जरासं आपटलं तरी काळंनिळं होतं का? मी उत्तर देण्याआधी आईच म्हणाली, "अहो, हिची दाढ काढली तेव्हा रात्री परत न्यावं लागलं होतं. आणि पाळीचं म्हणाल तर मलाही असंच जायचं, आमच्याकडे सगळ्यांनाच जातं." हे डॉक्टरांनी पुन्हा नीट विचारून घेतलं. माझ्या आजाराचं मूळ त्या वाक्यात होतं, ते मला नंतर कळलं.

मग त्या आईला म्हणाल्या, "काकू, तपासून घेते. पाच मिनिटं बाहेर बसता का? मी प्रत्येक मुलीशी थोडं एकटीशी बोलतेच." आई गेली, नर्स आत थांबली. तेव्हा तो प्रश्न आला. कधी संबंध आले आहेत का, आणि मनाविरुद्ध कुणी कधी काही केलं आहे का. विचारण्याआधीच त्यांनी कारण सांगितलं. गर्भ राहून पडत असेल तरी असंच रक्त जातं, शिवाय पुढे हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या झाल्या तर गर्भ नाही ना हे ठाऊक हवं. मी "नाही" म्हटलं. लघवीची चाचणी तरीही केली, अशा तक्रारीत सगळ्यांचीच करतात म्हणाल्या.

तपासणी म्हणजे रक्तदाब, वजन, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघणं, गळ्याला हात लावून थायरॉइड बघणं, हातापायांवर डाग आहेत का ते बघणं आणि झोपवून पोट दाबणं. सलवारची नाडी सैल करावी लागली, एवढंच. आतून काही तपासलं नाही. सोनोग्राफी पोटावरून झाली आणि ती स्वच्छ आली.

खरं उत्तर रक्ततपासणीत निघालं. हिमोग्लोबिन ७.९, लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, आणि व्हॉन विलेब्रांड नावाचा, रक्त गोठायला लागणारा घटक कमी. ती तपासणी पुन्हा करून घेतली, कारण ताण किंवा आजारपण असलं की तो आकडा वर जातो आणि दोष झाकला जातो. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही तो वाढतो, म्हणून गोळ्या चालू करण्याआधी हे करून घेतलं. मग लोहाच्या गोळ्या, आणि ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत. पोट दुखलं तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही अशी ताकीद. नंतर आईचंही रक्त तपासलं, तिलाही तेच निघालं. "आमच्याकडे सगळ्यांनाच जातं" म्हणून तिने आयुष्यभर अशक्तपणा काढला, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

स्वच्छंदी
तुझ्या बहिणीला सांग, लग्न झालेलं नसेल तर आतून तपासतच नाहीत, त्यामुळे तो विषयच नाही. आणि पाळीच्या तक्रारी या वयात बहुतेक पीसीओडीच्या असतात, सोनोग्राफीत लगेच दिसतं. माझं तसंच निघालं. फक्त जाताना दोन-तीन लिटर पाणी पिऊन जायचं, नाहीतर परत पाठवतात.

वॉर्डातली ताई
बरीच वर्षं स्त्रीरोग विभागात नर्स आहे. स्वच्छंदी, तुझ्या बाबतीत तसं झालं असेल, पण सगळ्यांना तसंच लागू होत नाही.

आतून तपासायचं की नाही हे लग्नावर ठरत नाही. आधी संबंध आलेत का, तक्रार काय आहे आणि मुलीची संमती आहे का, यावर ठरतं. संबंध आलेले नसतील तर बहुतेक वेळा पोटावरून सोनोग्राफी पुरते. गर्भाशयाच्या तोंडाच्या स्राव-तपासणीचीही तेव्हा गरज नसते. संबंध आलेल्या मुलीला आतून तपासायचं असेल तरी आधी विचारतात, अंगावर चादर असते, आणि मध्येच "थांबा" म्हटलं की थांबायचं असतं. तपासणाऱ्या बाई असोत की पुरुष, खोलीत स्त्री कर्मचारी असावी असं मागता येतं. मी स्वतः कितीतरी मुलींचा हात धरून उभी राहिले आहे.

पाणी दोन-तीन लिटर नको, मुली कळवळत बसतात. तासभर आधी चार ग्लास प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. भरलेली पिशवी आतडी बाजूला सारते, म्हणून मागचं गर्भाशय स्पष्ट दिसतं.

पीसीओडीत पाळी सहसा लांबते. लांबल्यावर कधी जास्त जातं हे खरं, पण वेळेवर येणाऱ्या आणि पहिल्यापासूनच भरपूर जाणाऱ्या पाळीचा विचार वेगळा करावा लागतो. शिवाय पहिल्या पाळीनंतर साधारण आठ वर्षं बीजकोशात पुष्कळ लहान बीजपुटिका दिसणं हे वयाचंच असतं. नुसत्या त्या चित्रावरून त्या वयात पीसीओडी ठरवू नये.

आणखी एक भीती मुली बोलून दाखवत नाहीत, म्हणून मीच लिहिते. तपासून कुणालाही "ही कुमारी आहे की नाही" हे सांगता येत नाही. त्या पडद्याचा आकार प्रत्येकीचा जन्मतः निराळा असतो. अशा चाचणीला वैद्यकीय आधार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे. कुणाची आई तसं विचारायला आली तर आमच्या डॉक्टर सरळ नकार देतात.

आर्याची आई
माझी मुलगी बारा वर्षांची आहे, अजून पाळी आलेली नाही, वर्गातल्या बहुतेकींना आली. दाखवायला हवं का? आणि एक सांगा, आईला बाहेर का बसवतात? मुलीचं सगळं मीच बघते. माझ्यासमोर बोलता येणार नाही असं तिचं काय असणार?

वॉर्डातली ताई
छातीची वाढ सुरू झाली असेल तर थांबा, पंधराव्या वर्षापर्यंत वाट बघता येते. तेराव्या वर्षीही छातीची वाढच दिसत नसेल तर मात्र दाखवा. बाहेर बसवण्याचं म्हणाल, तर मुलीवर कुणी जबरदस्ती केली असेल तर ती पहिल्यांदा बहुतेक वेळा आईसमोर बोलत नाही. ती पाच मिनिटं त्यासाठीही असतात.

आर्याची आई
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मनाला लागतं, हे खरं.

निशिगंध
माझा अनुभव बकुळच्या उलट. ओटीपोटात दुखत होतं, अंगावरून पिवळसर जात होतं, ताप येऊन-जाऊन. मला एकच विचारलं, "लग्न झालंय का?" मी नाही म्हटलं आणि कागदावर तेवढंच लिहिलं गेलं. संबंध होते, पण ते कुणी विचारलंच नाही. मधला पडदा पातळ, पलीकडे रांग बसलेली, तिथे मी आपण होऊन सांगणार कसं? लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या मिळाल्या, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा दुखायला लागलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी दार लावून नीट विचारलं. गर्भनलिकांपर्यंत संसर्ग गेला होता. वेगळी औषधं, पूर्ण दोन आठवडे, आणि जोडीदारालाही उपचार. नुसत्या लग्नाच्या प्रश्नावर कुणी थांबलं तर "लग्न नाही, पण संबंध आहेत" हे आपणच सांगावं लागतं. मोठ्याने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, मी दुसऱ्या वेळी तसंच केलं.

आणि अहवाल कुठे जातो ते नोंदणीच्या वेळीच बघा. माझा मोबाइल नंबर म्हणून घरच्यांनी बाबांचा दिलेला होता. पहिल्या ठिकाणचा अहवाल थेट त्यांच्या फोनवर गेला.

मधुरा
मी एकटी गेले होते, त्यामुळे आईचा प्रश्न आला नाही. पण आई सोबत असेल आणि डॉक्टरांनी तिच्यासमोरच विचारलं तर खरं सांगायचं? माझ्या मते सरळ नाही म्हणावं. घरातलं वादळ डॉक्टर निस्तरत नाहीत.

बकुळ
पण मग निशिगंधचं झालं तसं होईल ना? चुकीच्या उत्तरावर उपचार ठरतील.

वॉर्डातली ताई
दोघींचं म्हणणं मला कळतं. मी बघितलेला मार्ग असा, की त्या क्षणी "मला तपासणीच्या वेळी बोलायचं आहे" एवढंच म्हणायचं. नाही म्हणून झालं असेल तर लघवीचा नमुना द्यायला जाताना नर्सला गाठून खरं सांगायचं. मी असे निरोप कितीदा आत पोचवले आहेत. मात्र सगळीकडे अशी नर्स भेटेलच असं मी म्हणू शकत नाही.

मधुरा
आणि डॉक्टरांनी नंतर आईला सांगितलं तर?

निशिगंध
सज्ञान मुलीचं बोलणं तिच्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं. पण माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत सांगितलं गेलं, कारण डॉक्टर घरच्यांच्या ओळखीतल्या होत्या. म्हणून मी ओळखीतल्या डॉक्टरांकडे जात नाही.

रानजाई
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. नाकातून रक्त येण्याचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याही लहानपणी यायचं." जायला तयार झाली आहे. तिचा स्वतःचा नंबर देणार आणि पाळ्यांच्या तारखा लिहून नेणार. काकू सोबत येतील, मी त्यांच्याशी बाहेर बसण्याबद्दल आधीच बोलणार आहे. एकच अडचण, दोन दिवसांनी तिची पाळी येईल. संपेपर्यंत थांबू का?

वॉर्डातली ताई
थांबू नका. पाळीतही पोट, रक्तदाब, रक्त, पोटावरची सोनोग्राफी सगळं होतं. तिची धाप बघता हिमोग्लोबिन लवकर कळायला हवं. आणि तासाला एक पॅड भिजतंय असं सलग दोन-तीन तास झालं, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता तसंच तातडीच्या विभागात न्या. वापरलेले पॅड किती भरले ते मोजून सांगा, आम्हाला त्यावरून अंदाज येतो.