मदत हवी आहे: फोटोतल्या रेटच्या तक्त्यात घातांक -3 की -4?

गड्डा_बघून_आलो
बारावी सायन्स, सोलापूर. गड्ड्याच्या आठवड्यात क्लासला दोन दिवस दांडी झाली. मित्राने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, पण ट्यूबलाइटची चमक नेमकी तक्त्यावर पडलीय आणि वरचं हेडिंग कापलं गेलंय. वाचता आलं तेवढं टाइप करतो. रिॲक्शन 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O, त्याचा रेट लॉ आणि k काढायचाय.

```
   [NO]   [H2]   rate
1  0.10   0.10   2.5 × 10^-4
2  0.10   0.30   7.5 × 10^-4
3  0.20   0.20   2.0 × 10^-?
4  0.30   0.40   9.0 × 10^-3
```

तिसऱ्या ओळीतला घातांक मला -4 वाटतो. पहिल्या दोन ओळींत NO तेवढाच, H₂ तिप्पट, रेटही तिप्पट. म्हणजे H₂ ची ऑर्डर 1. पण पहिली आणि तिसरी ओळ घेतली की NO ची ऑर्डर -1.32 येते! फक्त NO बदललाय अशी जोडीच तक्त्यात नाही.

पार्क_चौक
एवढा हिशोब कशाला बे? समीकरणात दोघांपुढे 2 आहे. दोन्ही ऑर्डर 2.

गड्डा_बघून_आलो
मग H₂ तिप्पट केल्यावर रेट नऊपट व्हायला हवा होता ना? तिप्पटच झालाय.

पार्क_चौक
हां, ते खरं. पण मग घातांक -3 च आहे, लिहून घे. -3 धरला की NO ची ऑर्डर बरोबर 2 येते. पूर्णांक आला की समजायचं जमलं.

जुनी_ब्यूरेट
उत्तर बरोबर, कारण लंगडं. ऑर्डर अपूर्णांकातही असू शकते, तेव्हा पूर्णांक यावा म्हणून आकडा बदलायचा नाही. बाळा, तिसरी ओळ तात्पुरती हाताने झाक. पहिली आणि चौथी घे. रेट छत्तीसपट झालाय. H₂ चौपट आहे आणि त्याची ऑर्डर 1 तू आधीच काढलीस, म्हणजे त्यातले चारपट त्याचे. उरले नऊपट. NO तिप्पट झालाय, म्हणजे त्याची ऑर्डर 2. दोन्ही एकदम बदलले तरी अडत नाही, एकाची ऑर्डर हातात असली की झालं.

rate = k[NO]²[H₂]

पहिल्या ओळीवरून k = 0.25. आता तिसऱ्या ओळीवरचा हात काढ. 0.20 चा वर्ग गुणिले 0.20 म्हणजे 0.008. रेट 2.0 × 10^-3 असेल तर k पुन्हा 0.25. -4 असेल तर 0.025. बरोबर दहापट फरक पडला की आधी घातांकावर संशय घ्यायचा. फरक दुप्पट, दीडपट असा आला तर वाचण्यात दुसरा आकडा चुकलाय किंवा ऑर्डरच चुकलीय. पडताळा म्हणून ही एकच ओळ उरते, कारण बाकीच्या तीन ओळी ऑर्डर आणि k काढण्यातच खर्च झाल्या.

चादरवाला_एमआयडीसी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या डाईंगच्या पाण्यातला रंग पेरॉक्साइडने घालवताना दर पाच मिनिटांनी कलरीमीटरचं रीडिंग घेतो. त्या रीडिंगवर हीच पद्धत चालेल का?

जुनी_ब्यूरेट
नाही साहेब. इथे प्रत्येक ओळ म्हणजे नव्याने सुरू केलेला प्रयोग, त्याचा अगदी सुरुवातीचा रेट. तुमचा एकच प्रयोग आहे, वेळ पुढे सरकतोय. पेरॉक्साइड भरपूर असेल तर रीडिंगचा ln काढून वेळेसमोर ग्राफ टाका. सरळ रेघ आली तर रंगापुरती ऑर्डर 1. सविस्तर बोलायला वेगळा धागा काढा.

पार्क_चौक
पण H₂ पुढचा 2 जातो कुठे, ते कळलं नाही.

जुनी_ब्यूरेट
नेहमी शिकवतात ती मेकॅनिझम अशी: दोन NO पटकन एकत्र येऊन N₂O₂ होतं, त्याच्याशी एक H₂ सावकाश रिॲक्ट होतो, आणि दुसऱ्या H₂ ची पाळी त्यानंतर, झटपट येते. रेट अडतो तो सावकाश पायरीवर, आणि तिथवर एकच H₂ लागलेला असतो.

गड्डा_बघून_आलो
सर, मित्राने पुन्हा फोटो पाठवला. घातांक -3 च आहे. हेडिंगमध्ये mol dm⁻³ s⁻¹ दिसतंय, म्हणून k चं युनिट mol⁻² dm⁶ s⁻¹ लिहिलं. पण त्याने वहीत उत्तर 0.125 लिहिलंय!

जुनी_ब्यूरेट
बरोबर निम्मं. हेडिंगमध्ये रिॲक्शनचा रेट आहे की NO संपण्याचा? NO संपण्याचा असेल तर रिॲक्शनचा रेट त्याच्या निम्मा, आणि k पण निम्मा. ऑर्डरला धक्का लागत नाही.

पार्क_चौक
किंवा मित्राने फळ्यावरून चुकीचं उतरवलं असेल. त्याचं अक्षर बघ की.

गड्डा_बघून_आलो
हेडिंगची डावी बाजू याही फोटोत अंगठ्याखाली आहे. उद्या वहीच मागून घेतो.