मदत हवी आहे: बहिणीसाठी डीएमएलटी की डिग्री? आणि रजिस्ट्रेशन नेमकं कुठलं लागतं?

चोपड्याचा_भाऊ
नमस्कार मंडळी. लहान बहीण यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप, मार्क साठच्या आसपास. नीटचं काही जमणार नाही हे तिलाच मान्य आहे, तिला लॅबचं काम करायचंय, हट्टच आहे म्हणा. आमच्यासमोर तीन रस्ते आहेत. एक, तालुक्यातच एक इन्स्टिट्यूट आहे, एका वर्षात डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा देतात, हजेरीची सक्ती नाही आणि फीमध्येच "ऑल इंडिया कौन्सिल रजिस्ट्रेशन" धरलेलं आहे. दोन, जळगावला दोन वर्षांचा डिप्लोमा. तीन, मेडिकल कॉलेजातली बीपीएमटी ही पॅरामेडिकलची डिग्री, पण ती तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. वडील केळीच्या बागेवर अवलंबून, केळीच्या दराचा भरवसा नाही, त्यामुळे घरात सगळ्यांचा कल एक वर्षवाल्याकडे आहे. मला विचारायचंय ते एवढंच की हॉस्पिटल आणि लॅबवाले खरंच काय बघतात? आणि ते ऑल इंडियावालं रजिस्ट्रेशन चालतं का?

शिरपूर_एक्सप्रेस
भो, डिप्लोमाच्या नादी लागू नका. केंद्राने २०२१ ला कायदा केलाय, आता डिग्री नसेल तर लॅबमध्ये हात लावू देणार नाहीत, डिप्लोमा बंदच झालाय समजा. सरळ डिग्री.

धुळे_लॅबवाली_ताई
मी धुळ्याला सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं आहे, नवीन पोरापोरींची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिरपूरवाले भाऊ, कायदा २०२१ चा आहे हे बरोबर, पण डिप्लोमा बंद झाला हे बरोबर नाही. त्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीला डिप्लोमा किंवा डिग्री दोन्ही चालतात, फक्त अभ्यासक्रम किमान दोन हजार तासांचा आणि दोन ते चार वर्षांत पसरलेला हवा. वरच्या पायरीला डिग्रीच, किमान तीन हजार सहाशे तास. आता चोपडेकर दादांनी स्वतःच बघावं, हजेरी नसलेल्या एका वर्षात दोन हजार तास कुठून आणणार? बारावीनंतरचा एक वर्षाचा कोर्स तिथेच बाद होतो. बीएस्सी झालेल्यांनी पुढे एक वर्षाचा डीएमएलटी करणं ही वेगळी गोष्ट आहे, ते चालत आलंय, पण त्यात त्यांची पदवी आधीच पाठीशी असते.

रजिस्ट्रेशनचं म्हणाल तर महाराष्ट्रात विचारतात ते महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलचं. हे कौन्सिल राज्याच्या कायद्याने झालेलं आहे. नावात इंडिया, नॅशनल, ऑल इंडिया असलेल्या बऱ्याच संस्था साध्या सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या असतात, सर्टिफिकेट छान रंगीत असतं, होलोग्राम असतो, पण त्याला कायद्याचा आधार नसतो. आणि खूण सांगते, खरं कौन्सिल इन्स्टिट्यूटच्या फीमध्ये येत नाही. कोर्स पास झाल्यावर उमेदवार स्वतः अर्ज करतो, मार्कलिस्ट, डिप्लोमा, ट्रेनिंगचा दाखला जोडतो, मग नंबर मिळतो. ॲडमिशनच्या दिवशीच रजिस्ट्रेशनची हमी देणारा माणूस हमी देऊच शकत नाही.

शिरपूर_एक्सप्रेस
ताई, दोन पायऱ्यांचं माहीत नव्हतं. पण मग डिग्रीवाल्याला फायदा काय? पगार तर प्रायव्हेट लॅबमध्ये दोघांना सारखाच टेकवतात, माझा चुलतभाऊ बघतोय ना.

धुळे_लॅबवाली_ताई
सुरुवातीला प्रायव्हेटमध्ये फरक कमी असतो हे खरंय. फरक पडतो तो सरकारी जाहिरातीत. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदाला विज्ञानाची पदवी मागितली होती, म्हणजे बारावीनंतर नुसता डीएमएलटी केलेली पोरं फॉर्मच भरू शकली नाहीत. उलट एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांना बारावी अधिक डीएमएलटी चालतो. पदाचं नाव जवळपास सारखं आणि अट वेगळी, म्हणून जाहिरात शब्दन् शब्द वाचायची. बहिणीला सरकारी नोकरीची आस असेल तर पदवी कुठल्या ना कुठल्या वाटेने लागणारच, बीपीएमटी करा नाहीतर डिप्लोमानंतर बीएस्सी करा. ते मात्र आधीच ठरवा.

पाचोरा_मायक्रो
मी पण विचारतो, माझा डीएमएलटी झालेला आहे, रजिस्ट्रेशनपण आहे. गावात स्वतःची लॅब टाकायची आहे, मशीन बघून ठेवलंय. डिग्री केली तर रिपोर्टवर स्वतः सही करता येईल का?

धुळे_लॅबवाली_ताई
पाचोरा भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण उत्तर देते. डिग्रीने सही मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. पॅथॉलॉजिस्ट खरोखर येऊन बघत असेल तर त्यांच्यासोबत लॅब चालवा, नुसतं लेटरहेडवर नाव घेऊन चालवू नका.

भुसावळ_रिपोर्ट
मी भुसावळजवळ एका डायग्नोस्टिक लॅबमध्ये भरतीचं बघतो, एनएबीएलवाली म्हणजे दर्जाची अधिकृत मान्यता असलेली लॅब आहे. आम्ही कागद बघतोच, कौन्सिलचा नंबर आणि तो कधीपर्यंत चालू आहे तेही. ऑडिटला प्रत्येक माणसाची फाईल उघडून दाखवावी लागते, शिक्षण, ट्रेनिंग, रजिस्ट्रेशन सगळं. पण कागदानंतर मी उमेदवाराला एक रिपोर्ट दाखवतो. पोटॅशियम नऊच्या वर, कॅल्शियम चारच्या आसपास, आणि पेशंट ओपीडीत आरामात गप्पा मारत बसलाय. काय झालं असेल सांग म्हणतो. ज्याने बेंचवर काम केलंय तो लगेच म्हणतो, सर, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये ओतलंय. त्या ट्यूबमधल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं म्हणून ते वर जातं आणि ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतो म्हणून ते खाली येतं. रिपोर्ट सोडायचा नाही, परत सॅम्पल घ्यायचं. हजेरी नसलेल्या कोर्सची पोरं इथे म्हणतात "पेशंटची किडनी गेलीय सर". अशा पोरांना मी घेत नाही, कागद कितीही चांगला असो, कारण अशा रिपोर्टवर कोणी औषध चालू केलं तर पेशंटच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

म्हणून दादा, जळगावच्या डिप्लोमावाल्यांना एकच विचारा, मुलं प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलमध्ये जातात आणि रोज किती रक्त काढतात. तिथल्या लॅबमध्ये जाऊन सेकंड इयरच्या पोरांशी बोला, सरांशी नको.

चोपड्याचा_भाऊ
ताई, भुसावळ भाऊ, मनापासून आभार. एक वर्षवालं घरी बंद करून टाकतो, वडिलांना दोन हजार तासांचा हिशोब सांगितला की पटेल. आता जळगावचा डिप्लोमा की बीपीएमटी एवढंच राहिलं. जळगाववाले म्हणतात कौन्सिलची मान्यता आहे, ते खरं कसं तपासू?

धुळे_लॅबवाली_ताई
त्यांच्या भिंतीवरचं पत्र बघून समाधान मानू नका. कोर्सचं पूर्ण नाव, कालावधी आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं नाव लिहून घ्या आणि कौन्सिलला ईमेलने विचारा की हे पास झालेल्याची नोंद तुम्ही करता का. उत्तर लेखी मिळेपर्यंत पूर्ण फी भरू नका. आणि मागच्या वर्षी तिथून पास झालेल्या एखाद्या मुलीचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. देत नसतील तर तिथेच थांबा. बीपीएमटी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची आहे, तिथे हा घोळ नाही, पण चार वर्षं घर धरून ठेवता येईल का हे तुम्हालाच माहीत.

नंदुरबारची_पोर
ताई मध्येच विचारते, मी दोन वर्षांचा डिप्लोमा केलाय आणि राज्याच्या कौन्सिलचा नंबर आहे. २०२१ च्या कायद्याचं नवीन राज्य कौन्सिल पूर्ण सुरू झालं की आमचे जुने नंबर आपोआप तिकडे जाणार का परत अर्ज करावा लागणार?

भुसावळ_रिपोर्ट
यावर आमच्या लॅबमध्येपण दोन मतं आहेत. तोपर्यंत नंबर चालू ठेव, रिन्यूअलची तारीख चुकवू नकोस, मार्कलिस्टच्या मूळ प्रती कुठल्याही लॅबमध्ये जमा करू नकोस.