पाकिटावर नंबर आहे, म्हणून डोळे झाकून ऑर्डर?

गुळांबा: दिवाळीला ऑफिसात दीडशे फराळाचे डबे वाटायचेत. सोपी युक्ती सांगते. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आहे का बघा, असला की डोळे झाकून ऑर्डर द्या. उगाच शंका काढत बसू नका.

फडताळ: डोळे झाकूनच मी चाळीस किलो तूप घेतलं होतं, म्हणून लिहायला बसलो. माझं किराणा दुकान आहे. डब्यावरचा नंबर ११५ ने सुरू होत होता. पहिला १ परवान्याचा, १५ महाराष्ट्राचा, पुढचे दोन आकडे वर्षाचे. दिसायला सगळं चोख. महिन्याभरात एक आजी डबा परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे तूप नाही रे बाबा, जिभेवर मेणासारखं बसतंय." तेव्हा कुठे foscos.fssai.gov.in वर जाऊन नंबर टाकला. नंबर खरा, परवाना चालू! पण नाव मसाल्याच्या कारखान्याचं, पत्ता दुसऱ्याच गावचा आणि उत्पादनांच्या यादीत मिरचीपूड, हळद. दूधदुभत्याचा मागमूस नाही. पठ्ठ्यानं मेव्हण्याचा नंबर छापला होता.

परवाना माणसाला नसतो, त्या जागेला आणि तिथल्या धंद्याला असतो. नुसता 'चालू आहे' एवढं बघून काही कळत नाही. पत्ता जुळतो का, परवाना उत्पादनाचा आहे की नुसत्या विक्रीचा, आणि आपण घेतोय तो माल यादीत आहे का, हे बघायचं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही, चाळीस किलो तूप अंगावर आलं.

गुळांबा: म्हणजे आता चकली घ्यायची की पोलीस तपास करायचा?

नाक्यावरचा: एवढं कशाला? नंबर २ ने सुरू झाला तर घ्यायचंच नाही. ती नुसती नोंदणी असते, परवाना नसतोच.

कढीपत्ता: अहो, माझा नंबर २ नेच सुरू होतो! वर्षाला शंभर रुपये भरून रीतसर नोंदणी केली आहे, घरी भाजणीची चकली करते. तुम्ही सगळ्यांना चोर ठरवून मोकळे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्याकडे कागद मागितला, आणि तेच गृहस्थ रोज संध्याकाळी गाडीवर उभे राहून भजी खातात. त्याला विचारलंत का कधी? बायकांनी घरात चार पैसे मिळवले की लगेच कायदा आठवतो.

नाक्यावरचा: मी बायकांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

कढीपत्ता: काढायची गरज नसते. गेल्या वर्षी ऐन वसुबारसेला सोळा किलोची ऑर्डर रद्द केली एकीनं. म्हणे, "लायसन्स मोठं हवं." भाजणी दळून तयार होती माझी.

फडताळ: ताई, मी नोंदणीला नावं ठेवली नाहीत. लहान धंद्याला नोंदणीच लागते आणि ती त्याच ठिकाणी नंबर टाकून दिसते. नाक्यावरचे अर्धं बरोबर बोलले: २ म्हणजे नोंदणी, एवढंच. हां, टेम्पो भरभरून पाच जिल्ह्यांत माल पाठवणाऱ्याच्या पाकिटावर २ दिसला, तर मात्र भुवया उंचावाव्यात.

कढीपत्ता: आभारी आहे. फार उपकार झाले.

निवृत्त केमिस्ट: तुमची सगळी तपासणी मला गोड वाटते. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या ज्या कोल्ड्रिफ सिरपनं गेली, ते बनवणाऱ्या कांचीपुरमच्या कंपनीकडे परवाना होता की! बाटलीत डायथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. परवान्याच्या कागदाला चव-वास कळत नाही.

फडताळ: मान्य, परवाना म्हणजे मालाची हमी नव्हे. पण त्या बाटलीवर खरं नाव आणि खरा पत्ता होता, म्हणून यंत्रणा थेट कारखान्याच्या दारात पोचली. माझ्या तुपाचा कारखाना कुठे होता ते आजही ठाऊक नाही.

निवृत्त केमिस्ट: मुलं गेल्यावर पोचली.

फडताळ: यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुकानदारांनी मात्र बिलही बघा. २०२२ पासून विकणाऱ्यानं बिलावर स्वतःचा नंबर छापायचा असतो. माझ्या तूपवाल्यानं कोऱ्या वहीचं पान फाडून दिलं होतं, तिथंच समजायला हवं होतं.

गुळांबा: चिडून का होईना, माझ्या फराळवाल्यांचा नंबर टाकला. नाव बरोबर, यादीत फरसाण आहे, पण पत्ता त्यांच्या जुन्या जागेचा. फोन केला तर म्हणतात, "अहो, नुसती गल्ली बदलली."

फडताळ: नव्या जागेत तळण चाललंय आणि कागद जुन्या जागेचा. बदल करून घ्यायला हवा होता त्यांनी.

कढीपत्ता: गल्ली बदलल्यानं चकली खवट होत नाही.

गुळांबा: दीडशे डबे आहेत हो. त्यांना शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. ताई, तुमची चकली किलोला काय भाव?