फायनल ग्रॅव्हिटी वरच अडकली: दोष माल्टचा, मॅशचा की यीस्टचा? परीक्षेसाठी सल्ला हवा

ओली_बार्ली

नमस्कार मंडळी. आयबीडीच्या जनरल सर्टिफिकेट इन ब्रूइंगची तयारी करतेय. माल्टिंग, मॅशिंग, फर्मेंटेशन अशा तीन वह्या केल्या आहेत आणि प्रत्येकीतलं सगळं पाठ आहे. पण एकच लक्षण देऊन 'कारण कोणत्या टप्प्यात?' असं विचारलं की मी चारही पर्यायांवर बोट फिरवत बसते.

कालच्या सराव प्रश्नाचं उदाहरण देते. वर्ट १२ प्लेटोचं, ठरल्याप्रमाणे. मॅशच्या शेवटी आयोडीन चाचणीत रंग आला नाही. बीअर १.०१० पर्यंत उतरायला हवी होती, ती १.०१८ वर थांबली. पर्याय: माल्टचं मॉडिफिकेशन कमी, मॅशचं तापमान जास्त, यीस्ट कमी घातलं, वर्टमध्ये ऑक्सिजन कमी.

असे प्रश्न सोडवायची तुमची पद्धत काय? आणि तीन वह्या वेगळ्या ठेवण्यात माझं काही चुकतंय का?

हायड्रोमीटर_हरवला

सोपं आहे की. आयोडीनला रंग आला नाही म्हणजे स्टार्च संपला, मॅश पास. ग्रॅव्हिटी ठरल्याप्रमाणे, म्हणजे माल्टही पास. उरलं यीस्ट. मी डोळे झाकून ऑक्सिजनवर खूण केली असती. १२ प्लेटोला दर मिलिलिटरला साधारण सव्वा कोटी पेशी आणि ८ ते १० पीपीएम ऑक्सिजन, एवढं पाठ कर. बाकी वह्या फार उघडू नकोस.

तळघरातला

वरच्या उत्तरात माल्टबद्दलचा तर्क बरोबर आहे, मॅशबद्दलचा नाही. निम्मे उमेदवार इथेच घसरतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयोडीन फक्त एवढंच सांगतं की स्टार्चच्या लांब साखळ्या आता उरलेल्या नाहीत. त्या तुटून यीस्टला खाता येईल अशी साखर झाली का, हे ते सांगत नाही. मॅशमध्ये दोन एन्झाइम काम करतात. अल्फा अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडतं. बीटा अमायलेज टोकाकडून दोन दोन ग्लुकोजचा घास घेत माल्टोज सुटं करतं. बीटाला ६० ते ६५ अंश मानवतात. ७० अंशांवर ते काही मिनिटांतच मरतं, पण अल्फा तिथे मजेत चालू असतं. मग साखळ्यांचे मधल्या लांबीचे तुकडे होतात, म्हणजे डेक्स्ट्रिन. आयोडीनला ते दिसत नाहीत आणि नेहमीच्या यीस्टला ते पचत नाहीत. चाचणी स्वच्छ, ग्रॅव्हिटी बरोबर, आणि बीअर तरीही वरच अडकलेली.

पण एवढ्यावरून 'मॅश' असंही म्हणता येत नाही, कारण यीस्ट आळशी असलं तरी आकडे हेच दिसतील. ताई, प्रश्नात आणखी एखादं वाक्य होतं का? असे प्रश्न काढणारे लोक बहुधा एक वाक्य निवाड्यासाठी ठेवतात.

ओली_बार्ली

अय्या, होतं! 'टाकीचं तापमान वाढवून ताजं, जोमदार यीस्ट घातलं, तरी ग्रॅव्हिटी १.०१७ च्या खाली गेली नाही.' मला ते भरतीचं वाक्य वाटलं म्हणून इथे लिहिलंच नाही.

तळघरातला

तेच तर उत्तर आहे. ताजं, भरपूर यीस्ट आणि ऊब मिळूनही साखर हलली नाही, म्हणजे तिथे खाण्याजोगं काही उरलेलंच नव्हतं. मॅशचं तापमान जास्त.

लॅबवाली

यालाच जोडून सांगते. हीच गोष्ट आम्ही टाकी भरण्याच्या वेळीच करून ठेवतो, तिला फोर्स्ड फर्मेंटेशन म्हणतात. थंड केलेल्या वर्टचा छोटा नमुना घ्यायचा, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घालायचं, २० ते २५ अंशांत सतत ढवळत ठेवायचं. एक-दोन दिवसांत तो जितका उतरायचा तितका उतरतो. तो आकडा म्हणजे त्या वर्टची तळरेषा. टाकीतली बीअर त्याच्या खाली जाणार नाही.

आमच्याकडचं एक प्रकरण सांगते, जागेचं नाव नको. वर्ट १.०४८. टाकी १.०१८ वर थांबली. सगळे यीस्टवाल्याच्या मागे लागले. मी नमुन्याचा आकडा काढला तर तो १.०१६. नेहमी १.०१० येतो. आता हिशेब करा: ठरलेल्या आकड्यापासून टाकी आठ पॉइंट वर होती. त्यातले सहा वर्टमध्येच मुरलेले, म्हणजे मॅशचे. उरलेले दोनच यीस्टचे. अटेन्युएशनच्या भाषेत, ४८ पैकी ३८ उतरायला हवे होते म्हणजे ७९ टक्के. या वर्टची मर्यादाच ३२ होती, म्हणजे ६७ टक्क्यांच्या आतबाहेर. टाकीने ३० गाठले होते, साडेबासष्ट टक्के.

मग मॅश टनमध्ये तपासलेला थर्मामीटर बुडवला. पॅनेलवर ६५, आत ७०. पॅनेलचा प्रोब खोटं सांगत होता. ते दोन पॉइंट कुठे गेले? टाकी ठरल्या वेळेच्या आधीच थंड करायला घेतली होती, यीस्ट तळाला बसलं. दोन टप्प्यांत दोन चुका झाल्या होत्या आणि बोंब मात्र एकाच्याच नावाने मारली गेली.

फसफस

माझंही अगदी हेच झालंय! १२ ब्रिक्सने सुरू केलं, दहा दिवस झाले, रिफ्रॅक्टोमीटर ६ वर ठाण मांडून बसलाय. म्हणजे १.०२४! यीस्टचं आणखी एक पाकीट घालू का? मॅश तर मी ६६ लाच केला होता.

लॅबवाली

@फसफस, पाकीट राहू दे. रिफ्रॅक्टोमीटर साखरेच्या पाण्यासाठी असतो. अल्कोहोल झालं की तो आकडा वर दाखवतो. १२ वरून ६ दिसत असेल तर सुधारून ते साधारण १.०१२ निघतं. म्हणजे तुझी बीअर बहुधा झालेली आहे. हायड्रोमीटरने बघ, नमुन्यातला गॅस आधी हलवून काढ, नाहीतर बुडबुडे नळी वर उचलतात. आणि हो, धागा परीक्षेचा आहे. :)

फसफस

हायड्रोमीटर १.०११. मी गाढव. चालू द्या.

हायड्रोमीटर_हरवला

आयोडीनचं मान्य, चूक माझी. पण मग माल्टचा पर्याय इतक्या सहज का उडवायचा? एन्झाइम येतात तर माल्टमधूनच. माल्टच कमकुवत असेल तर ६५ अंशांनाही बीटा कमीच पडणार ना?

तळघरातला

हा प्रश्न चांगला आहे. पर्यायात शब्द 'मॉडिफिकेशन कमी' असा आहे. त्याचा अर्थ दाणा उगवताना आतल्या पेशींच्या भिंती पुरेशा उकलल्या नाहीत. असा माल्ट आधी वेगळीच लक्षणं दाखवतो: वर्ट गाळताना प्रवाह रेंगाळतो, कारण बीटा ग्लुकान शिल्लक असतं, आणि एक्स्ट्रॅक्ट कमी मिळतं. इथे वर्ट ठरल्याप्रमाणे १२ प्लेटोचं आलं आणि गाळण्याची तक्रार कुठेच नाही. म्हणून हा पर्याय बाद.

तुम्ही म्हणताय ते कमकुवत माल्टचं कारण मात्र भट्टीतलं असतं. अल्फा अमायलेज दाणा उगवताना तयार होतं. बीटा बार्लीत आधीपासूनच असतं आणि उगवताना बांधलेलं सुटं होतं. भट्टीत जास्त उष्णता मिळाली, विशेषतः दाणा ओला असताना, की बीटा आधी जातं. गडद माल्टची डायास्टॅटिक पॉवर म्हणूनच कमी असते. रेसिपीत असा माल्ट जास्त घातला तर मॅश अगदी बरोबर तापमानाला करूनही अटेन्युएशन घसरू शकतं. पर्यायात 'भट्टीचं तापमान जास्त' असतं तर मीही थांबलो असतो.

हायड्रोमीटर_हरवला

म्हणजे तसा पर्याय असता तर दोन उत्तरं बरोबर धरली असती?

लॅबवाली

माझ्या मते हो, नुसत्या एवढ्या माहितीवर ती दोन वेगळी करता येत नाहीत. माल्टच्या सर्टिफिकेटवरची डायास्टॅटिक पॉवर बघावी लागते.

तळघरातला

मला वाटतं अशा वेळी मॅशच धरावं. फिक्या माल्टमध्ये बीटा गरजेपेक्षा जास्तच असतं, ते कमी पडायला भट्टीत बरीच मोठी चूक व्हावी लागते. पण लॅबवाल्या बाईंशी मी हे भांडण पूर्वीही हरलोय.

ओली_बार्ली

आता वह्यांचं कळलं. टप्प्यांची न करता लक्षणांची वही करते. एका लक्षणापासून मागे मागे जायचं: टाकी, वर्ट, मॅश, भट्टी, उगवण. डायअसिटिलचं करून पाहिलं. लोण्यासारखा वास, म्हणजे फर्मेंटेशन, यीस्टला वेळ दिला नाही. इथेच थांबू का?

लॅबवाली

बहुपर्यायी परीक्षेत बहुतेक वेळा पुरेल. डिप्लोमाच्या लेखी उत्तरात आणखी एक पायरी मागे जा. डायअसिटिलचा आधीचा पदार्थ यीस्ट व्हॅलिन बनवण्याच्या वाटेवर तयार करतं. वर्टमध्ये व्हॅलिन पुरेसं असेल तर ती वाट कमी चालते. व्हॅलिन येतं माल्टच्या प्रथिनांमधून. म्हणजे मॉडिफिकेशन कमी असेल किंवा साखरेची भर जास्त असेल तर लोण्याचा वास वाढायला जागा होते, आणि यीस्टवाल्याला पुन्हा बोलणी बसतात. टाकी थंड करण्याआधी नमुना बंद बाटलीत ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेव, थंड करून हुंग. वास आला तर आधीचा पदार्थ अजून शिल्लक आहे, थंड करायची घाई नको.

ओली_बार्ली

शेवटचं एक. मीच प्रश्न बनवला: टाकी १.०१८, फोर्स्ड नमुना १.०१०. माझं उत्तर: वर्ट ठीक, दोष यीस्टचा. उपाय: तापमान थोडं वाढवणं, यीस्ट ढवळून वर आणणं, आणि ऑक्सिजन देणं.

तळघरातला

पहिले दोन बरोबर. तिसऱ्यावर गुण जातील. ऑक्सिजन यीस्ट घालताना द्यायचा, पेशींची आवरणं बांधायला. अर्ध्यावर दिला तर बीअर शिळी लागते आणि डायअसिटिलही वाढतं. त्याऐवजी जोरात चाललेल्या दुसऱ्या टाकीतलं यीस्ट घाल.