लाली म्हणजे ॲलर्जी नव्हे

> "नायसिन घेतल्यावर अर्ध्या तासात चेहरा लालबुंद होतो, ॲलर्जी आहे का?"

नाही. नायसिन म्हणजे ब३ जीवनसत्त्व; त्यामुळे त्वचेतल्या पेशींमधून प्रोस्टाग्लँडिन डी२ आणि ई२ ही रसायनं सुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि चेहरा, मान तापते. म्हणूनच अर्धा तास आधी घेतलेली ॲस्पिरिन लाली कमी करते, कारण ती प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखते. पण ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारूनच घ्या.

रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी करण्याचं नायसिनचं काम वेगळ्या जागी, यकृतात चालतं. दिवसाला १ ते २ ग्रॅम डोसला नायसिन तिथलं ट्रायग्लिसराइड जोडणारं एन्झाइम दाबतं, त्यामुळे ही चरबी वाहून नेणारे व्हीएलडीएल कण रक्तात कमी सुटतात. त्यामुळे काही दिवसांनी लाली ओसरली तरी औषधाचा परिणाम टिकतो. लाली टाळायला स्वतःहून सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांकडे मात्र वळू नका, काहींनी यकृताला इजा होते.