मदत हवी आहे: चादरींच्या ग्राहक ग्रुपवरचा बॉट स्वागत कसं करेल आणि माणसाकडे कधी सोपवेल?

रेशमीधागा_सोलापूर

आमचं चादरी आणि टर्किश टॉवेलचं छोटं युनिट आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीला. टेलिग्रामवर ग्राहकांचा ग्रुप आहे. त्यात गावोगावचे दुकानदार आहेत आणि घरासाठी दोन-चार चादरी घेणारेही आहेत. भाचीने एक बॉट बनवून दिला. तो एआय वगैरे नाही, ठरलेले शब्द ओळखून ठरलेली उत्तरं देतो. भाव, साइज, ऑर्डर कुठवर आली एवढं तो नीट सांगतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. कुणी नवीन आलं की बॉट पंधरा ओळींचं स्वागत टाकतो. गड्डा यात्रेच्या दिवसांत बाहेरगावचे लोक भराभर ग्रुपात येतात, तेव्हा नुसती स्वागतंच दिसतात आणि दुकानदारांची खरी बोलणी वर वाहून जातात.

दुसरी अडचण जास्त लागते. लातूरकडच्या एका दुकानदाराने लिहिलं, "लाल चादरीचा रंग उतरला, कुणा माणसाशी बोलायचंय". बॉट म्हणाला, "माफ करा, समजलं नाही. भाव पाहण्यासाठी १ दाबा." त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मग आमच्या काउंटरवरच्या मुलाने पाहिलं आणि स्वतः उत्तर द्यायला घेतलं, तर बॉट त्याच्याही मध्ये बोलायला लागला. वर्षानुवर्षांचा ग्राहक असा तुटतो हो. स्वागतात नेमकं काय लिहावं आणि बॉटने माणसाकडे केव्हा, कसं सोपवावं? बॉट ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, त्याला "चंदाताई" नाव आणि बाईचा फोटो आहे.

शेंगाचटणी_आणि_भाकरी

आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणीची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते. बिझनेस अ‍ॅपमध्ये ग्रीटिंग मेसेज असतो, तो चालू करा, झालं. माझा प्रश्न वेगळा आहे: तो मेसेज जुन्या गिऱ्हाइकाला परत का जातो?

कोरडवाहू_कोडर

भाकरीवाल्या ताई, तुमच्याकडे तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो आणि १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो, म्हणून जुन्यांना दिसतो. पण तो एकेकट्या चॅटसाठी असतो, ग्रुपात चालत नाही. इथे प्रश्न टेलिग्राम ग्रुपचा आहे.

रेशमीधागा, बॉटफादरला जाऊन `/setprivacy` बंद करा म्हणजे बॉटला सगळे मेसेज दिसतील. मग तीनदा समजलं नाही की माणसाकडे पाठवा. सगळीकडे असंच करतात.

यंत्रमाग_ते_सर्व्हर

कोरडवाहू दादा, व्हॉट्सअ‍ॅपचं बरोबर सांगितलंत. पण प्रायव्हसीचं इथे उलटं करायला हवं. बॉट अ‍ॅडमिन असला तर त्याला तसेही सगळे मेसेज मिळतात, ती सेटिंग चालू असो की बंद. यांच्या ग्रुपात गोंधळ त्यामुळेच आहे. दोन दुकानदार आपसात बोलतात आणि बॉटला वाटतं आपल्याशीच बोलतायत.

रेशमीधागा ताई, ग्रुपातले बहुतेक मेसेज बॉटसाठी नसतातच. म्हणून ग्रुपात बॉटने "समजलं नाही" हे वाक्य कधीच म्हणू नये. समजलं नाही तर गप्प बसावं. ते वाक्य फक्त खासगी चॅटमध्ये, कारण तिथे समोरचा नक्की बॉटशीच बोलतोय.

त्यासाठी बॉटला अ‍ॅडमिनपदावरून काढा आणि प्रायव्हसी चालू ठेवा. मग त्याला ग्रुपात मुख्यतः तीनच गोष्टी दिसतील: स्लॅशने सुरू होणाऱ्या कमांड, त्याच्याच मेसेजला दिलेलं उत्तर, आणि नवीन माणूस आल्याची सूचना. स्वागतासाठी एवढं पुरतं. (पुढे कधी ती सेटिंग बदललीत तर बॉटला ग्रुपातून काढून पुन्हा घ्यावं लागतं, नाहीतर बदल लागू होत नाही.) कमांडचं नाव देवनागरीत चालत नाही, म्हणून `/madat` ठेवा.

आता स्वागत. ग्राहकाला तिथे तीनच गोष्टी कळायला हव्यात: हा बॉट आहे, याला काय येतं, आणि माणूस कुठे व केव्हा भेटेल. मी असं लिहीन:

"नमस्कार, मी दुकानाचा बॉट आहे. भाव, साइज आणि ऑर्डर कुठवर आली हे सांगतो. मालाची तक्रार, बदली किंवा पैशांचं काही असेल तर थेट आमच्या माणसाशी बोला. सोमवार ते शनिवार, सकाळी ११ ते रात्री ८."

खाली दोन बटणं, "भाव आणि ऑर्डर" आणि "माणसाशी बोला". वेळ तुमच्या दुकानाची घाला. नवीन स्वागत टाकताना आधीचं बॉटनेच पुसावं. स्वतःचा मेसेज तो ४८ तासांच्या आत पुसू शकतो, त्याला अ‍ॅडमिन असावं लागत नाही. एकदम पाच जण आले तर पाचांना मिळून एकच स्वागत. आणि `disable_notification` लावा, म्हणजे सगळ्यांचे फोन वाजणार नाहीत. तोच मजकूर तुम्ही स्वतः ग्रुपात पिन करून ठेवा.

रेशमीधागा_सोलापूर

हे पटलं. पण "माणसाशी बोला" दाबल्यावर बॉटनेच त्यांना खासगीत मेसेज केला तर? भाचीने करून पाहिलं तर काहींना जातो, काहींना 403 येतो.

यंत्रमाग_ते_सर्व्हर

टेलिग्रामवर बॉट स्वतःहून कुणाशी बोलणं सुरू करू शकत नाही. ज्यांनी कधीतरी बॉट उघडून स्टार्ट दाबलंय त्यांनाच जातो. म्हणून बटणावर लिंक द्या, ग्राहक ती दाबून स्वतः आत येईल:

```
https://t.me/BOTNAME?start=human_4521
```

`start=` नंतरचा भाग बॉटला मिळतो. तिथे ऑर्डर नंबर टाकला की ग्राहकाला पुन्हा सगळं सांगावं लागत नाही. स्वागताच्या बटणात नुसतं `human` ठेवा, ऑर्डरच्या मेसेजखालच्या बटणात नंबर.

"तीनदा समजलं नाही की माणूस" हा नियम भावाच्या प्रश्नाला चालेल, आणि तिथेही मी दोनदाच ठेवीन. रंग उतरला, विणीत दोष, पैसे गेले पण पावती नाही, अशा बोलण्याला एकदाही "समजलं नाही" म्हणू नये, सरळ माणसाकडे. शब्द ओळखताना एक जपा. यादीत "माणूस" ठेवलात तर "माणसाशी" सापडत नाही, कारण अक्षरंच बदलतात. "माणूस" आणि "माणस" दोन्ही ठेवा. तसंच "मालक", "फोन करा", "तक्रार", आणि लोक इंग्रजी कळफलकावर लिहितात तसं `manus`, `rang gela`, `call kara`. तुमच्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारे ग्राहकही असणार. त्यांचे शब्द काउंटरवरच्या माणसांनाच विचारा, अंदाजाने टाकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकदा माणसाकडे सोपवलं की बॉटने तोंड बंद ठेवायचं. प्रत्येक चॅटची अवस्था साठवा, आणि शब्द ओळखण्याच्या आधी ही तपासणी:

```
if state == "human":
    copy_to_staff(msg)
    return
```

हे नसेल तर मुलगा बोलत असताना मध्येच "भावासाठी १ दाबा" येणारच.

माप_साठ_नव्वद

कर्मचाऱ्यांचा वेगळा ग्रुप करून त्यात टॉपिक चालू करा. प्रत्येक ग्राहकाचा एक टॉपिक. आमच्या होलसेल दुकानात असंच आहे. पण जपून. आमच्या मुलाने टॉपिकमध्ये लिहिलं, "हा गडी दरवेळी हेच करतो, चादर परत घेऊ नका", आणि बॉटने ते जसंच्या तसं ग्राहकाला पोहोचवलं. त्या ग्राहकाला फोन करून समजवायला फार जड गेलं.

यंत्रमाग_ते_सर्व्हर

हा धोका खरा आहे. टॉपिक बनवायला त्या ग्रुपात बॉट अ‍ॅडमिन लागतो, आणि अ‍ॅडमिन झाला की त्याला तिथलं सगळं दिसतं. म्हणून नियम उलटा ठेवा: टॉपिकमधला मेसेज आपोआप बाहेर जायचा नाही. ग्राहकाच्या मेसेजला रिप्लाय करून लिहिलं असेल तेवढंच जाईल. विसर पडला तर ग्राहकाला उत्तर थोडं उशिरा मिळेल, पण आतलं बोलणं बाहेर जाणार नाही.

अजून एक. ग्राहकाचा मेसेज फॉरवर्ड करून त्यावरून माणूस ओळखू नका. ज्यांनी फॉरवर्डमधलं खातं लपवलंय त्यांचा आयडी येत नाही. टॉपिकचा नंबर आणि ग्राहकाचा चॅट नंबर यांची जोडी तुमच्याकडेच साठवा.

लातूरच्या दुकानदाराचंच घ्या. त्यांनी बटण दाबलं की बॉट म्हणेल, "ऑर्डर ४५२१ बद्दल आमच्या माणसाला कळवलं आहे. चादरीचा फोटो इथेच टाका." इकडे टॉपिक उघडतो आणि त्यात "मी घेतो" बटण. मुलाने ते दाबलं की ग्राहकाला त्याचं नाव कळतं आणि बाकीच्यांना कळतं की हे कुणीतरी पाहतंय. अर्ध्या तासात कुणीच घेतलं नाही तर टॉपिकमध्ये तुमच्या नावाने आठवण यावी. रात्री दहाला आले तर "लगेच बोलतील" म्हणू नका. "उद्या सकाळी ११ नंतर उत्तर येईल" म्हणा, आणि रविवार असेल तर सोमवार म्हणा.

रेशमीधागा_सोलापूर

आज भाचीने बसवायला घेतलं. "मी घेतो" आलं. पण खासगी चॅटमधल्या बटणाला `BUTTON_DATA_INVALID` येतंय. डेटामध्ये "दुकानातल्या_माणसाशी_बोला" लिहिलंय.

कोरडवाहू_कोडर

हे मला माहीत आहे. बटणाचा डेटा ६४ बाइटच्या आत लागतो आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. तुमचं ते ६८ होतंय. डेटा `human_4521` ठेवा. वर दिसणारा मजकूर मराठीतच राहू द्या.

रेशमीधागा_सोलापूर

चाललं! आता दोन गोष्टी उरल्या. बॉटने पुन्हा बोलायला कधी लागायचं? आणि चंदाताईचं काय?

माप_साठ_नव्वद

आमच्याकडे मुलगा "संपलं" दाबतो तेव्हाच बॉट परत येतो.

यंत्रमाग_ते_सर्व्हर

माझ्या अनुभवात मुलं "संपलं" दाबायला विसरतात. मग आठवड्याने ग्राहक नुसता भाव विचारतो आणि बॉट गप्प. मी २४ तास शांत गेले की बॉट परत आणतो, पण आधी तो "मागचं काम झालं का?" असं विचारतो. तक्रार चार दिवस चालणारी असेल तर तो प्रश्न ग्राहकाला टोचतो, हेही खरं. चादर परत मागवायची असेल तर कुरिअरलाच दिवस जातात. तुमच्या तक्रारी किती लांबतात ते पाहूनच हा वेळ ठरवा.

नाव राहू दे, फोटो काढा. बाईचा फोटो पाहून लोक बाईशी बोलतात, आणि "समजलं नाही" आलं की त्यांना अपमान वाटतो.

शेंगाचटणी_आणि_भाकरी

मला नाही पटत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नाव-फोटो असेल तरच लिहितात. नुसतं "बॉट" पाहून त्या बंद करतात.

रेशमीधागा_सोलापूर

फोटोच्या जागी चादरीची नक्षी लावते आणि नाव "चंदा (दुकानाचा बॉट)" ठेवते. बॉट परत यायची वेळ सध्या ४८ तास ठेवतेय. काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं आहे की तक्रारीच्या चॅटमध्ये त्याने आपण होऊन परत येऊच नये, फक्त भावाच्या चॅटमध्ये यावं. दोन वेगळ्या अवस्था ठेवणं भाचीला जड जाईल का, ते कुणी सांगा की.