व्हॉट्सअॅपमधली लिंक भलत्याच प्रोफाइलमध्ये उघडते: प्रोफाइल ठेवावीत की ब्राउझरच वेगळे करावेत?

सावदेकर:
केळीच्या पेढीवर हिशेब बघतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे. क्रोममध्ये तीन प्रोफाइल केलीत: पेढीचं, शेतकरी उत्पादक कंपनीचं आणि माझं घरचं. व्हॉट्सअॅपच्या डेस्कटॉप अॅपमध्ये आलेली गुगल शीटची लिंक दाबली, की कधी या प्रोफाइलमध्ये उघडते, कधी त्या. वर्डच्या फाइलमधल्या लिंकचंही तेच. गाड्या भरायच्या वेळी हा घोळ परवडत नाही. माझं मत, प्रोफाइल बंद करून तीन कामांना तीन ब्राउझर ठेवावेत. तुम्ही काय करता?

धुळेकर:
माले येक सांगा भाऊ, एवढ्यासाठी तीन ब्राउझर कशाला? पेढीच्या प्रोफाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढा. त्याच्या Properties मध्ये Target च्या शेवटी हे येतं:

```
--profile-directory="Profile 1"
```

नंबर कोणता ते त्या प्रोफाइलमध्ये chrome://version उघडून Profile Path मध्ये बघायचं. रोज सकाळी त्या शॉर्टकटवरून क्रोम चालू केलं की लिंका तिथंच उघडतात. माझ्याकडे असंच चालतं.

भुसावळकर:
धुळेकर, ओळ बरोबर आहे, पण काम होतं ते वेगळ्या कारणानं. शॉर्टकट फक्त ती खिडकी उघडून देतो. व्हॉट्सअॅपमधून लिंक येते तेव्हा तो शॉर्टकट मध्ये येतच नाही. विंडोजला एवढंच माहीत असतं की वेबची लिंक क्रोमला द्यायची. प्रोफाइल ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नाही. क्रोम ती लिंक साधारणपणे शेवटी ज्या प्रोफाइलची खिडकी वापरली तिच्यात उघडतं. तुम्ही दिवसभर एकच प्रोफाइल वापरत असाल, म्हणून तुम्हाला ते जमून गेलंय.

सावदेकर, तुम्ही स्वतः करून बघा. पेढीची आणि घरची अशा दोन खिडक्या उघड्या ठेवा. पेढीच्या खिडकीत कुठंही क्लिक करून व्हॉट्सअॅपमधली लिंक दाबा. मग घरच्या खिडकीत क्लिक करा आणि तीच लिंक पुन्हा दाबा. दोन्ही वेळा निकाल वेगळा आला, तर कारण हेच.

आता तीन ब्राउझरचं. मला त्यात अर्धाच फायदा दिसतो. विंडोजला ठरलेला ब्राउझर एकच लागतो, त्यामुळे बाहेरून आलेली प्रत्येक लिंक त्या एकातच जाणार. कंपनीची लिंक दाबली तर तीही पेढीच्या ब्राउझरमध्ये. फायदा एवढाच, की ती कुठं जाणार हे आधीच माहीत असतं.

चोपड्याची वहिनी:
आमच्याकडे शाळेत एकाच कॉम्प्युटरवर आम्ही चौघी बसतो, प्रत्येकीचं क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल आहे. तरी एकीचा मेल दुसरीला दिसतो. यावर पासवर्ड कसा टाकायचा?

भुसावळकर:
वहिनी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. क्रोमची प्रोफाइल ही एकाच माणसाची कामं वेगळी ठेवायला आहेत. विंडोजमध्ये एकाच नावानं बसणारं कुणीही दोन क्लिकमध्ये दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जातं, तिथं कुलूप नाही. चौघींसाठी विंडोजमध्येच चार वेगळी खाती काढा, प्रत्येकाला पासवर्ड द्या.

रावेरचा केळीवाला:
मी सावदेकरांच्या बाजूनं. चुकीच्या प्रोफाइलमध्ये शीट उघडली की You need access असं पान येतं. घाईत पोरगं Request access दाबतं. मालकाला मेल जातो, तो नावाकडे न बघता परवानगी देतो, आणि पेढीच्या भावांची शीट कायमची त्याच्या घरच्या मेलवर जोडली जाते. पोरगं नोकरी सोडून गेलं तरी शीट त्याच्याकडेच. मला हे फार गंभीर वाटतं. घरचं खातं ऑफिसच्या मशीनवर नकोच, मग प्रोफाइल असो की ब्राउझर.

भुसावळकर:
हे मात्र पटलं. त्या पानावर आपण कोणत्या खात्यात आहोत ते लिहिलेलं असतं. बटण दाबण्याआधी तेवढं वाचायचं. आणि शीटच्या मालकानं Share मध्ये जाऊन यादी अधूनमधून तपासावी, अनोळखी मेल दिसला की काढून टाकावा.

अमळनेरी:
माझा विरोध. प्रोफाइल चांगलीच आहेत, ब्राउझर बदला. एजमध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये Default profile for external links असं आहे. तिथं पेढीचं प्रोफाइल निवडा आणि विंडोजमध्ये एजला ठरलेला ब्राउझर करा. मग शेवटची खिडकी कोणतीही असू द्या, बाहेरची लिंक पेढीतच जाते. क्रोम आहे तसं राहू द्या.

सावदेकर:
हे कामाचं दिसतंय. पण कंपनीच्या ग्रुपवरची लिंकही मग पेढीतच जाईल ना?

अमळनेरी:
जाईल. त्यासाठी Browser Tamer नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते स्वतः ठरलेला ब्राउझर म्हणून बसतं आणि लिंकचा पत्ता बघून कोणत्या प्रोफाइलमध्ये पाठवायची ते ठरवतं. नियम एकदा लिहिले की संपलं.

भुसावळकर:
संपत नाही, सावदेकरांसाठी तर नाहीच. पेढीची शीट आणि कंपनीची शीट, दोन्हींचा पत्ता docs.google.com नंच सुरू होतो. साइटच्या नावावर लिहिलेला नियम दोघींत फरक कसा करणार? जीएसटीचं पोर्टल पेढीत, बँकेची साइट घरच्यात, अशा वाटणीला नियम छान चालतात. गुगलच्या शीटसाठी पत्त्यातली त्या शीटची लांबलचक ओळख नियमात टाकावी लागते. नेहमीच्या दोन-चार शीट असतील तर ते करावं, रोज नवी येत असेल तर दर वेळी विचारायला लावावं.

मला कंपनीच्या ग्रुपसाठी साधा मार्ग बरा वाटतो. कंपनीच्या प्रोफाइलमध्ये व्हॉट्सअॅप वेब उघडून ठेवा आणि तो ग्रुप तिथंच वाचा. वेब पानातली लिंक त्याच प्रोफाइलमध्ये उघडते, विंडोजकडे जातच नाही. एका नंबरला चार उपकरणं जोडता येतात, त्यातली एक जागा यात जाईल.

रावेरचा केळीवाला:
म्हणजे कोणता ग्रुप कुठल्या खिडकीत वाचायचा हे माणसानंच लक्षात ठेवायचं. सीझनमध्ये फोन कानाला लावून कोण लक्षात ठेवतं? तुमच्या टेबलावर जमत असेल, आमच्याकडे नाही.

भुसावळकर:
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, हे खरं.

एक राहिलं, वर्डच्या लिंकचं. तिथं दुखणं वेगळंही असू शकतं. वर्ड आणि एक्सेल काही वेळा लिंक ब्राउझरला देण्याआधी स्वतःच उघडून बघतात. त्यांच्याकडे तुमचं लॉगिन नसतं, म्हणून साइट त्यांना लॉगिनच्या पानावर ढकलते आणि तेच पान ब्राउझरला मिळतं. बघणाऱ्याला वाटतं, प्रोफाइल चुकलं. ओळखायचं कसं? तीच लिंक कॉपी करून त्याच खिडकीत पेस्ट करा. सरळ उघडली तर प्रोफाइल बरोबर होतं, खोडी वर्डची. यावर रजिस्ट्रीत ForceShellExecute नावाचा इलाज आहे, पण तो कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याकडून करून घ्या.

सावदेकर:
वर्डच्या एका पोर्टलच्या लिंकला करून बघितलं. पेस्ट केली तर सरळ उघडते, म्हणजे तिथं प्रोफाइलचा दोष नव्हता. घरचं खातं आजच काढतो. एज ठरलेला ब्राउझर करून पेढीवर बांधतो. कंपनीच्या ग्रुपचं मात्र केळीवाला म्हणतात तेच होईल असं वाटतंय. दुसऱ्या कुणी तो ग्रुप वेगळ्या नंबरवर घेऊन बघितलाय का?